‘भेटू या ना एकदा निवांत’ यानंतरचा मेसेज

“कॉलेजमधल्या जवळच्या मैत्रिणीला चार वर्षांनी मेसेज केला. तिचं लगेच उत्तर आलं, ‘अगं, किती दिवसांनी! आई कशी आहे तुझी? भेटू या ना एकदा निवांत.’ मी आई बरी आहे असं सांगितलं, ‘हो हो, नक्की’ म्हटलं आणि ते तिथेच थांबलं. त्याला आता नऊ दिवस झाले. मला खरंच भेटायचंय, पण तिच्या मागे लागल्यासारखं वाटायला नको. पुढचा मेसेज काय लिहू?”

आधी मेसेज लिहून देते, मग तो तसा का आहे ते सांगते.

“अगं, तू विचारपूस केलीस ते आईला सांगितलं. तिने लगेच परीक्षेच्या आदल्या रात्री आपण दोघी जिन्यात बसून अभ्यास करायचो त्याची आठवण काढली. मला तुला खरंच भेटायचंय. पुढच्या शनिवारी सकाळी किंवा त्याच्या पुढच्या बुधवारी संध्याकाळी, तुझ्या ऑफिसजवळच्या बागेत तासभर चालत गप्पा मारू या का? मी येते तिकडे. सध्या धावपळ असेल तर तेवढंच कळव, मी महिन्याभराने पुन्हा विचारते.”

जिना माझ्या कल्पनेतला आहे, तिथे तुमची खरी आठवण घाला. आणि आईला खरोखर सांगा, मगच तसं लिहा. जुनी मैत्रीण खोटा तपशील पटकन ओळखते.

मी अठरा वर्षं समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांत गाव बदललेली, निवृत्त झालेली, मुलं मोठी झाल्यावर अचानक मोकळा वेळ मिळालेली माणसं बरीच असतात. ‘माझे मित्र उरले नाहीत’ असं म्हणत येतात आणि त्यांच्या फोनमध्ये ‘भेटू कधीतरी’ची डझनभर उत्तरं पडलेली असतात. अशी संभाषणं त्यांच्यासोबत बसून वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बहुतेक संभाषणं तुमच्यासारखीच थांबलेली असतात. एकाने ‘भेटू’ म्हटलेलं असतं, दुसऱ्याने ‘नक्की’ म्हटलेलं असतं, आणि दोघांनाही वाटत असतं की आता पाळी समोरच्याची आहे.

तिच्या उत्तरातलं पहिलं बघायचं ते असं, की ‘भेटू या’ हे आमंत्रण आहे की निरोप घेण्याची रीत. एलन आयझॅक्स आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९९० मध्ये या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. लोक बोलण्यापुरती जी आमंत्रणं देतात, जी दोघांनाही खरी धरायची नसतात, ती कशी ओळखू येतात याचा त्यांनी शोध घेतला. त्यांनी सांगितलेल्या खुणांपैकी एक म्हणजे वेळ आणि जागा यांबद्दलचा मोघमपणा. पण ही एकच खूण नाही. बोलण्यापुरतं आमंत्रण देणारा सौजन्यापलीकडचं कारण देत नाही, आग्रह धरत नाही, शब्दांना ‘जमलं तर’, ‘बघू’ अशी ठिगळं लावतो. अशा बऱ्याच खुणा एकत्र दिसल्या तर ते आमंत्रण पोकळ समजावं. एकट्या मोघमपणावरून काहीच ठरत नाही, कारण दमलेला माणूसही मोघमच बोलतो.

तुमच्या मैत्रिणीने लगेच उत्तर दिलं, आईबद्दल विचारलं आणि ‘निवांत’ हा शब्द वापरला. प्रश्न विचारणारा माणूस संभाषण संपवत नसतो. आणि ‘निवांत’ म्हणजे तिला घाईत, उभ्याउभ्या भेटायचं नाही. तिने नकळत तुम्हाला भेटीचा आकार सांगून ठेवला आहे. माझ्याकडे येणारे लोक उत्तरातला एखादाच शब्द धरून बसतात, ‘एकदा म्हणाली, म्हणजे कधीच नाही’. मी त्यांना बाकीचं उत्तर पुन्हा वाचायला लावते. तिने स्वतःच्या आयुष्यातलं काही सांगितलं का? तुमच्याबद्दल विचारलं का? ‘एकदा’ला काही हद्द आहे का, म्हणजे ‘मुलाची परीक्षा झाली की’, ‘हे प्रोजेक्ट संपलं की’? यांतलं एखादं जरी असेल, तर पुढचं पाऊल टाकायला हरकत नाही. नुसतं ‘हो, भेटू’ आणि एक हसरा चेहरा आला असेल तर पाऊल लहान ठेवायचं. त्याबद्दल पुढे सांगते.

तिला भेटायचं असेल, तर मग तिनेच दिवस का सुचवला नाही? कारण दिवस सुचवणं हे काम आहे. कधी, कुठे, किती वेळ, भेटून करायचं काय, असे चार निर्णय त्यात असतात, आणि प्रत्येक निर्णयात समोरचा ‘नाही’ म्हणण्याची शक्यता असते. चार वर्षांच्या अंतरानंतर तिला तुमच्या दिवसाची घडीही माहीत नाही. तुम्ही लांब राहायला गेलात का, संध्याकाळी मोकळ्या असता का, घरी बोलावलेलं चालेल का, हे सगळं अंदाजाने ठरवायचं. ते आज नको, उद्या बघू, असं होत जातं.

म्हणूनच ‘हो हो, नक्की’ हे उत्तर आपुलकीचं असूनही पुढे नेत नाही. आणि त्याहून फसवा आहे तो प्रश्न, जो नम्र माणसं हमखास विचारतात: ‘तुला कधी जमेल?’ ऐकायला हा अगदी समोरच्याचा विचार करणारा प्रश्न वाटतो. खरं तर त्यात तुम्ही चारही निर्णय उचलून तिच्या ओंजळीत टाकता. तिला कॅलेंडर उघडावं लागतं, घरच्यांना विचारावं लागतं, तुमची सोय ताडून बघावी लागते. ती मेसेज वाचते, ‘संध्याकाळी शांतपणे बघून सांगते’ असं मनात म्हणते आणि संध्याकाळ येत नाही. तीन दिवसांनी उशीर झाल्याची लाज वाटायला लागते, आणि लाज वाटली की उत्तर आणखी लांबतं. मी पाहिलेल्या थांबलेल्या संभाषणांत सगळ्यात जास्त संभाषणं याच प्रश्नावर येऊन थांबली आहेत. विचारणाऱ्याला वाटतं, आपण तिला मोकळीक दिली. तिला मिळतो तो गृहपाठ.

मागे लागणं आणि ठरवून विचारणं यांतला फरक इथे आहे. तुम्हाला वाटतं की दिवस आणि जागा सांगितली की दबाव येतो. माझा अनुभव उलटा आहे. नेमक्या प्रस्तावाला ‘नाही, शनिवारी नाही जमणार’ असं एका ओळीत सांगता येतं. मोघम प्रस्तावाला नकार द्यायचा तर तो थेट तुम्हालाच द्यावा लागतो, म्हणून कोणी देत नाही. दबाव येतो तो नकाराची वाट बंद केल्याने, पुन्हापुन्हा विचारल्याने आणि नकाराची किंमत वाढवल्याने. नेमकेपणा आणि नकाराची सोपी वाट, दोन्ही एकाच मेसेजमध्ये असायला हवं. एक असून दुसरं नसेल तर बिघडतं.

आता त्या मेसेजमध्ये काय आहे ते बघू.

पहिली दोन वाक्यं तिच्याच उत्तरातून उचलली आहेत. तिने आईबद्दल विचारलं होतं, तुम्ही तोच धागा पुढे नेता. त्यामुळे नऊ दिवसांची शांतता आपोआप भरून निघते आणि ‘सॉरी, उत्तर द्यायला उशीर झाला’ किंवा ‘तू पुढे काही बोललीच नाहीस’ असं काही लिहावं लागत नाही. त्या शांततेचा उल्लेखच करू नका. तो केला की मेसेज हिशेबाचा होतो. आठवण एकच द्या, आणि ती दोघींची असावी. पाच आठवणींची माळ लावली की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याकडून आता तसाच लांबलचक, भावूक मेसेज अपेक्षित आहे, आणि तो लिहायचा राहून जातो.

‘मला तुला खरंच भेटायचंय’ हे वाक्य लोक गाळतात. त्याऐवजी ‘मी तसंही त्या बाजूला येणारच आहे’ असं लिहितात, कारण त्याने स्वतःचं मन झाकलं जातं. पण मग तिच्यासाठी ती भेट तुमच्या कामाला जोडून आलेली होते, आणि ओढ दिसत नाही. तुम्ही खरोखर त्या बाजूला जाणार असाल तर जरूर लिहा, ते सोयीचं असतं. पण एक वाक्य साधं, सरळ हवंच. मेसेजमधला सगळा ओलावा तिथेच असतो. दिवस, जागा, वेळ हा सगळा सांगाडा आहे, आणि नुसता सांगाडा पाठवला तर तो ऑफिसातल्या मीटिंगसारखा वाटतो.

मग दिवस. साधारण एक ते दोन आठवड्यांपुढचा दिवस निवडा. उद्याचा किंवा परवाचा नको, कारण तिला नाही म्हणावं लागण्याची शक्यता वाढते आणि पहिल्याच प्रस्तावाला नकार मिळाला की दोन्हीकडे थोडा अवघडलेपणा येतो. पण दीड-दोन महिन्यांपुढचाही नको. गाल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये दाखवलं की पुढच्या काळात आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं माणसं धरून चालतात, आणि पैशांपेक्षा वेळेच्या बाबतीत हा समज जास्त असतो. म्हणून लांबच्या तारखेला ‘हो’ सहज मिळतं. तो दिवस उजाडतो तेव्हा तोही आजच्याइतकाच भरलेला असतो, आणि भेट रद्द होते. ठरून रद्द झालेली भेट पुन्हा ठरवणं हे न ठरलेली भेट ठरवण्यापेक्षा कठीण जातं, कारण आता रद्द करणारी ओशाळलेली असते.

पर्याय दोन द्या, आणि ते वेगळ्या जातीचे असू द्या. शनिवार सकाळ आणि रविवार सकाळ हे खरं तर एकच आहे. ज्या घरात शनिवार-रविवार भरलेले असतात तिथे दोन्ही एकदमच बाद होतात. एक सुट्टीचा, एक कामाच्या दिवसाचा, एक सकाळचा, एक संध्याकाळचा असं ठेवलं की तिच्या आठवड्याबद्दल काही माहीत नसतानाही एखादा बसायची शक्यता वाढते. पाच पर्याय दिले तर पुन्हा तोच गृहपाठ होतो, आणि तुमचा अख्खा आठवडा रिकामा आहे असं उगाच दिसतं.

वेळ मात्र पहिल्या मेसेजमध्ये मिनिटांपर्यंत नेऊ नका. ‘शनिवारी सकाळी’ पुरे. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोक यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की मौजेची गोष्ट घड्याळाला बांधली की ती कामासारखी वाटायला लागते आणि तिची मजा कमी होते. पण तीच गोष्ट ढोबळ ठरवली, म्हणजे नेमक्या ठोक्याऐवजी एखाद्या मोठ्या अवकाशात ठेवली, तर मजा टिकते. मला हे वाचल्यावर बरं वाटलं, कारण अनुभवाने मी तेच सांगत होते. दिवस पक्का, वेळ ढोबळ, आणि नेमका आकडा आदल्या दिवशी. मोघमपणा हा असा योग्य जागी ठेवला तर उपयोगाचा आहे. दिवसाच्या बाबतीत तो नको, मिनिटांच्या बाबतीत चालतो.

‘तासभर’ हा शब्द लहान वाटतो पण तोच सगळ्यात जास्त काम करतो. चार वर्षांनी भेटताना दोघींच्याही मनात एक न बोललेली धास्ती असते: बोलायला काही उरलं नसलं तर? शेवट माहीत असला की ती धास्ती निम्मी होते. तासाची भेट रंगली तर अडीच तासांची होते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण ‘दिवसभर ये ना’ अशा आमंत्रणाची तासाभराची भेट करता येत नाही. चालत गप्पा सुचवल्या त्याचंही कारण हेच. शेजारी शेजारी चालताना गप्प राहिलं तरी ते अंगावर येत नाही, समोरासमोर बसल्यावर येतं. चालणं जमत नसेल तर बाकावर शेजारी बसा, आणि तिला आवडणारं आणखी काही तुम्हाला माहीत असेल तर ते घ्या. जागा तिच्या वाटेवरची निवडली आणि ‘मी येते तिकडे’ म्हटलं, म्हणजे प्रवासाचा भार तुम्ही उचलला. हे पहिल्या भेटीपुरतं. पुढे नेहमी तुम्हीच जात राहिलात तर मनात सल साठतो, मी पुष्कळ पाहिला आहे.

शेवटचं वाक्य म्हणजे नकाराची वाट. ते लिहिताना फार जपावं लागतं. माझ्याकडे येणारे लोक दोन टोकांना जातात. काही जण आमंत्रण देता देताच परत घेतात: ‘जमलं तर बघ हं, नाही जमलं तरी चालेल, काही घाई नाही, तुझ्या सोयीने, आणि नसेल वेळ तर राहू दे.’ हे वाचणाऱ्याला कळत नाही की तुम्हाला भेटायचंय की नाही. दुसरे वाट दाखवतात, पण त्यावर काटे पसरून ठेवतात: ‘जमत नसेल तर सांग, मला आता सवय झाली आहे.’ यात नकार दिला की तुम्ही दुखावणार हे आधीच जाहीर झालेलं असतं. मधला मार्ग असा, की नकाराचा एक छोटा शब्द तुम्हीच तिच्या हातात द्या. ‘धावपळ आहे’ हे दोन शब्द तिने परत पाठवले की झालं. तिला कारणं रचायला लागत नाहीत, आणि पुन्हा विचारायचं काम तुम्ही स्वतःकडे ठेवलेलं असल्यामुळे तिच्यावर कर्जही राहत नाही.

ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांचं २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेलं एक काम इथे फार उपयोगी आहे. नकार देणाऱ्याला वाटतं की आमंत्रण देणारा खूप दुखावेल, रागावेल, पुन्हा बोलावणार नाही. प्रत्यक्षात आमंत्रण देणाऱ्याला तितकं वाईट वाटत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे तुमची मैत्रीण तुमच्या नाराजीचा अंदाज खऱ्यापेक्षा मोठा धरून बसलेली असू शकते, आणि त्या भीतीने ‘बघते, सांगते’ म्हणत राहू शकते. ती भीती तिच्या मनातून काढणं हे तुमच्या शेवटच्या वाक्याचं काम.

उत्तर विरळ आलं असेल, फक्त ‘हो, भेटू’ एवढंच, तर ‘महिन्याभराने पुन्हा विचारते’ हे लिहू नका. ज्याला भेटायचं नाही त्याला ते वाक्य पाठलागासारखं वाटेल. तिथे भेटीऐवजी फोनवरच्या पंधरा मिनिटांचा प्रस्ताव ठेवा, आणि शेवट ‘नाही जमलं तर तुझी खुशाली दोन ओळींत लिही, तेवढ्यानेही छान वाटेल’ असा करा. तेवढं मिळालं तरी दार उघडं राहतं.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीतली एक बाई, नोकरीसाठी सात वर्षं बाहेर राहून परत आलेली. पूर्वी एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणीला तिने मेसेज केला, आणि उत्तर आलं, ‘परत आलीस? मस्तच! भेटू ना एकदा, खूप बोलायचंय.’ हिने लिहिलं, ‘हो ना! तुला कधी जमेल?’ अकरा दिवस काही नाही. मग हिने लिहिलं, ‘बिझी दिसतेस 🙂’. त्यावर तिकडून दोन ओळींची माफी आली, आणि पुन्हा शांतता. माझ्यासमोर बसली तेव्हा तिचा निष्कर्ष ठरलेला होता, की मैत्रिणीला भेटायचंच नाही.

मी तिला ‘खूप बोलायचंय’ हे शब्द दाखवले. बोलण्यापुरतं आमंत्रण देणारा सहसा कारण देत नाही, त्या मैत्रिणीने दिलं होतं. आणि ‘बिझी दिसतेस’ हे हसऱ्या चेहऱ्यासकट टोमणा म्हणूनच पोचलं होतं, ते त्या दोन ओळींच्या माफीवरून कळत होतं. माफी मागणाऱ्याला आपण दोषी आहोत असं वाटत असतं, आणि दोषी वाटणारा माणूस टाळत राहतो. तेव्हा पहिलं काम होतं ते ओझं उतरवण्याचं. आम्ही तिसऱ्या दिवशी काहीच न मागणारा एक मेसेज पाठवला. त्यांच्या जुन्या खोलीतल्या कधीच नीट न लागणाऱ्या खिडकीसारखी एक खिडकी हिला नव्या घरात मिळाली होती, तिचा फोटो आणि खाली एकच ओळ, ‘ही बघ कोण भेटली’. अर्ध्या तासात तिकडून आवाजातला मेसेज आला, चांगला तीन मिनिटांचा, हसतच केलेला.

त्याच संध्याकाळी प्रस्ताव पाठवायचा मोह झाला होता. मी एक दिवस थांबायला सांगितलं, म्हणजे फोटो हा आमिषासारखा वाटू नये. दुसऱ्या दिवशी गेला तो मेसेज असा: “तुझा आवाज ऐकून फार बरं वाटलं. भेटायचंय तुला. येत्या रविवारी सकाळी किंवा पुढच्या गुरुवारी तुझं ऑफिस सुटल्यावर, तासभर? मी तुझ्या बाजूला येईन. दोन्ही गैरसोयीचे असतील तर तसंच सांग, मनात काही आणू नकोस.”

उत्तर आलं: ‘या दोन आठवड्यांत अवघड आहे गं, बाबांची तब्येत जरा नरम आहे. पण नक्की.’

इथे ती पुन्हा खचली. मला मात्र हे उत्तर चांगलं वाटलं. कारण खरं होतं आणि खासगी होतं, असं कारण परक्याला कोणी देत नाही. दिवसांना हद्द होती, ‘या दोन आठवड्यांत’. तिने दुसरा दिवस सुचवला नव्हता, पण वडील आजारी असताना कोण सुचवतं? अशा वेळी लगेच तिसरी तारीख पुढे करणं म्हणजे मागे लागणं. हिने फक्त बाबांची चौकशी केली, एकदा लगेच आणि एकदा आठवड्याने, भेटीचा शब्दही न काढता. तीन आठवडे झाल्यावर विचारलं, ‘बाबा आता कसे आहेत? तू दिवसभर घरात अडकली असशील तर मी शनिवारी तुझ्या घराजवळ येते, अर्धा तास खाली चक्कर मारू. नाही तर फोनवर बोलू, तेही चालेल.’ भेट तासाची अर्ध्या तासावर आणली, जागा तिच्या दाराशी नेली, आणि फोन हा खराखुरा दुसरा पर्याय ठेवला. शनिवारी त्या भेटल्या. पहिल्या ‘भेटू ना एकदा’पासून मोजलं तर साडेसहा आठवडे लागले होते.

किती वेळा विचारायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. माझा नियम दोन वेळांचा आहे. नेमका प्रस्ताव एकदा, मग पुरेसं अंतर ठेवून, आधीपेक्षा लहान करून, आणखी एकदा. अंतर तिने दिलेल्या हद्दीवरून ठरवायचं, हद्द दिली नसेल तर तीन-चार आठवडे. ‘या वेळी नाही, पण पुढच्या महिन्यात विचार’ असं उत्तर आलं तर ती वेळ मोजू नका, तिने स्वतः पाळी पुढे ढकलली आहे. नकारासोबत दुसरा दिवस, कारण, किंवा तुमच्याबद्दलचा प्रश्न आला तर ते मनापासूनचं आहे. दोन्ही वेळा नुसतं ‘बघते’ आलं, किंवा काहीच आलं नाही, तर थांबायचं. थांबताना जाहीर करायचं नाही. ‘ठीक आहे, आता तूच सांग’ ही ओळ समजुतीची वाटते, पण ती दार आपटल्यासारखी ऐकू येते. काही महिन्यांनी तिच्या आयुष्यात काही चांगलं घडलं की मनापासून अभिनंदन करा, बस.

मेसेज वाचल्याची खूण दिसली आणि उत्तर आलं नाही, यावरून काहीही ठरवू नका. लोक रस्त्यात, रांगेत, मुलाला झोपवताना मेसेज उघडतात. आठवडा जाऊ द्या. आठवड्याने आठवण करायची तर ‘पाहिलास का मेसेज?’ असं नको. ‘शनिवारी मी बागेकडे चालायला जाणारच आहे, आलीस तर फार आवडेल’ असं लिहा. मात्र मग खरंच जा.

काही नात्यांत हे लागू करू नका. तुम्ही तिच्या वरिष्ठ असाल तर तिला नाही म्हणणं सोपं नसतं, शेवटचं वाक्य कितीही मऊ लिहिलं तरी. मोडलेल्या प्रेमाच्या नात्यात, किंवा तिने पूर्वी अंतर मागितलं असेल तर, ‘भेटू कधीतरी’ हा शिष्टाचार समजून तिथेच ठेवा. आणि भेटीमागे काही काम असेल, मदत हवी असेल, काही विकायचं असेल, तर ते प्रस्तावातच सांगा. भेटल्यावर कळलं तर मैत्रीण पुढच्या प्रत्येक मेसेजकडे संशयाने बघेल.

तिचा ‘हो’ आला की तिथेच तपशिलांची फैर झाडू नका. ‘मस्त, शनिवार मग. वेळ शुक्रवारी ठरवू’ एवढं लिहा आणि मधले दिवस शांत राहू द्या. शुक्रवारी दुपारनंतर एक मेसेज: “उद्या साडेसातला बागेच्या मोठ्या दरवाज्यापाशी थांबते. तुला आठ बरे पडत असतील तर आठ.” याने भेट पक्की होते, तिला वेळ हलवायची मुभा राहते, आणि ‘येतेस ना नक्की?’ असा अविश्वास दाखवावा लागत नाही. तिने त्या वेळी रद्द केलं तर ‘अगं ठीक आहे, तू सांभाळ, बुधवार चालेल का?’ असं विचारा. तुमच्याकडे बुधवार आधीच सुचवलेला आहे, दुसरा दिवस शोधत बसायला नको.

आज रविवार असेल तर मेसेज आज पाठवू नका, उद्या किंवा परवा संध्याकाळी पाठवा. रविवारी रात्री माणसं येणाऱ्या आठवड्याच्या ओझ्याखाली असतात, आणि त्या मनःस्थितीत कुठलाही नवा दिवस अवघडच वाटतो.